आमची वाटचाल : बोकडांच्या खुराकाचा कारखाना

आमची सुरुवात मका भरडण्याच्या चक्कीपासून झाली. बकरी ईदसाठी बोकड पोसणारे आमच्याकडून भरडा आणि गव्हाचा कोंडा नेत. ईद जवळ आली की काहींचा सगळ्यात तेजीतला बोकडच बसायचा. पाठ वाकवून कुंथायचा, शेपूट झटकायचा, ओरडायचा. मालकाला वाटायचं बद्धकोष्ठ झालंय, म्हणून तो तेल पाजायचा. खरं तर लघवी तुंबलेली असायची.

ओळखायची खूण आम्हाला डॉक्टरांनी दाखवली. बोकडाला तासभर कोरड्या पोत्यावर बांधायचं आणि पोतं किती भिजतं ते पाहायचं. त्याआधीही, लघवीच्या जागेच्या केसांना पांढरी वाळूसारखी कणी चिकटलेली हाताला लागते. कणी दिसली आणि धार सुरू असली, तर खुराक बदलायला वेळ असतो. थेंबथेंब पडत असेल किंवा पोतं कोरडंच राहिलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. खडा बहुतेक वेळा लिंगाच्या टोकावरच्या बारीक शेपटीत किंवा आतल्या वळणात अडकतो. टोकाला असला तर ती शेपटी कापून धार मोकळी होऊ शकते. मूत्राशय फुटलं की बोकड थोडा वेळ शांत होतो आणि मालकाला वाटतं, बरा झाला. पुढे पोट पाण्याने फुगतं. अडकलेला खडा खुराकाने सुटत नाही, हे आम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.

मूळ कारण आमच्याच पोत्यात होतं. धान्यात, त्यातही कोंड्यात, फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. चाऱ्यावरचा बोकड रवंथ करतो, लाळ सुटते आणि जादा फॉस्फरस शेणावाटे जातो. धान्यावर रवंथ कमी, म्हणून तोच लघवीत उतरून खडा धरतो. कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट तरी हवं.

आता शंभर किलोत मका भरडा ५५, शेंगदाणा पेंड २०, कोंडा १०, हरभरा चुणी १०, चुनखडी भुकटी अडीच, मीठ दीड आणि खाद्याच्या प्रतीचा नवसागर १ किलो घालतो. नवसागर लघवी आंबट करतो, मीठ पाणी प्यायला लावतं. डीसीपी म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट घालत नाही, त्यात कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही भरपूर असतो. हा हिशोब निम्मं पोट कडब्याच्या कुट्टीने आणि तुरीच्या भुशाने भरतं असं धरून आहे. नुसता खुराकच ओतला तर तो कोलमडतो. थंडीत पाणी कोमट द्यायला सांगतो, कारण गार पाणी बोकड कमी पितात.

खच्चीकरण मात्र आमच्या हातात नाही. अगदी लहानपणी खच्ची केलेल्या करडाची मूत्रनळी अरुंदच राहते, म्हणून पाच-सहा महिने थांबा म्हणतो.

नवसागराची चव कडवट, सुरुवातीला बोकड तोंड फिरवायचे. आता थोडी मळी मिसळतो आणि जुन्या खुराकात आठवडाभर हळूहळू वाढवायला सांगतो. पोत्याचा भाव त्यामुळे थोडा चढला. त्यावर घासाघीस अजून चालते.