हमीचे आठ डबे

मंगळवार रात्री, ऐरोली

सोसायटीतल्या काकूंच्या हातचे डबे शेजारच्या घरांना पोचवणाऱ्या आमच्या अ‍ॅपवर सी विंगमधल्या काकूंकडे आज सहाच ऑर्डरी आल्या. आम्ही त्यांना रोज आठ डब्यांची हमी दिली आहे, म्हणून ९० रुपयांप्रमाणे राहिलेल्या दोन डब्यांचे १८० रुपये आम्ही भरले. ते डबे त्याच विंगमधल्या, अजून एकदाही न मागवलेल्या दोन घरांत चव बघायला दिले.

सवलतीच्या कूपनांपेक्षा पैसा इथे घालावा, हे माझं मत दिवसेंदिवस पक्कं होतंय. गिऱ्हाईक नाही म्हणून काकू टिकत नाहीत आणि काकू नाहीत म्हणून गिऱ्हाईक फिरकत नाही, हे खरं. पण दोघांचं नुकसान सारखं नसतं. गिऱ्हाइकाला अ‍ॅपवर काही दिसलं नाही तर तो बाहेरून मागवतो, संपलं. काकूंनी मात्र भाजी निवडलेली असते, कणीक मळलेली असते, संध्याकाळ अडकवलेली असते. लागोपाठ दोन दिवस अन्न उरलं की त्या अ‍ॅप बंद करतात आणि परत येत नाहीत. आधी सांभाळायचं ते त्यांनाच.

म्हणूनच सध्या एकच सोसायटी, फक्त रात्रीचं जेवण आणि तीनच काकू. दुपारी चारला ऑर्डर बंद, साडेसातला डबा दारात. खारघरहूनही बायकांचे फोन येतात. त्यांना नाही म्हणताना जीव तुटतो, पण खारघरचा गरम डबा ऐरोलीच्या जेवणाला कसा पोचणार? शिवाय रोजच्या वीस-चोवीस ऑर्डरी बारा जणींत वाटल्या तर प्रत्येकीला दोन येतात. दोन डब्यांसाठी कोण गॅस पेटवेल? तिघींत वाटल्या तर आठच्या आसपास येतात, आणि तेवढ्यात त्यांना परवडतं. तिघींचीही एफएसएसएआय नोंदणी आधी करून घेतली. तो १४ अंकी क्रमांक अ‍ॅपवर दिसतो.

अ‍ॅप किती जणांनी उतरवून घेतलं हा आकडा मी बघतच नाही. आठवण करून न देता परत कोणी मागवलं आणि हमीपोटी किती भरलं, एवढंच वहीत लिहिते. भरपाई काही आठवडे शून्यावर राहिली की चौथ्या काकू घ्यायच्या.

भरपाई वाढली तर मात्र दोन कारणं असू शकतात. जेवण आवडलं नसेल, किंवा गिऱ्हाईक थेट काकूंना फोन करत असेल. ओळखायची खूण आहे: तक्रार एकही नाही, गुण चांगले आहेत आणि नेमकी रोजची घरंच गायब झालीत, तर व्यवहार बाहेर गेला. एका इमारतीत राहणाऱ्यांपासून नंबर लपवून काय होणार! थेट फोनवर जे मिळत नाही ते आपण द्यायचं: महिन्याचा हिशेब, काकूंना आगाऊ पैसे आणि त्यांच्या सुट्टीच्या दिवशी दुसरीकडून डबा.

उद्या ए विंगमधल्या ताईंची सुट्टी आहे. त्यांची रोजची घरं सी विंगच्या काकूंकडे वळवायची आहेत. जास्तीच्या पोळ्या जमतील का, हे सकाळीच त्यांना विचारते, म्हणजे चारच्या आत घरोघरी कळवता येईल.