मूळ आणि मूल

सांगली, रविवार रात्र

२७ फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो आणि त्या निमित्ताने अमेरिकेतील मराठी मुलांच्या कार्यक्रमात माझी सात वर्षांची नात कविता म्हणणार आहे. लेकीने ती मलाच लिहायला सांगितली. मुलांना तोंडी ठेका धरता यावा म्हणून मी अष्टाक्षरी निवडली: ओळीत आठ अक्षरे आणि चौथ्या अक्षरानंतर किंचित थांबा.

पहिल्या खर्ड्यात ‘कृष्णाकाठच्या मातीचे’ अशी ओळ होती. अक्षरे मोजून आठच भरत होती. पण थांबा नेमका ‘काठ’ आणि ‘च्या’ यांच्यामध्ये येत असल्यामुळे नात प्रत्येक वेळी तिथे अडखळत होती. दोष तिचा नव्हता, माझ्या ओळीचा होता. मी ते कडवे बदलले:

माझे मूळ सांगलीचे
कृष्णामाई देते पाणी
हळदीच्या शेतामध्ये
आजी गाते जुनी गाणी

आज रात्री साडेआठला, म्हणजे तिच्याकडच्या सकाळी दहाला, व्हिडिओ कॉलवर तिने सगळे कडवे न चुकता म्हटले. मात्र पहिली ओळ ‘माझे मूल सांगलीचे’ अशी आली. लेकीने कविता रोमन लिपीत लिहून दिली होती आणि त्यात मूळ काय, मूल काय, दोन्ही `mool` असेच दिसते. शिवाय ळ हा ध्वनी तिच्या शाळेच्या इंग्रजीत नाहीच, त्यामुळे जीभ सवयीने ल कडे वळते.

मी तिला जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावायला आणि तिथून पुढे सोडायला सांगितले. मग कॅमेऱ्याकडे पाठ करून बसले. तिने मनाला येईल त्या क्रमाने ‘मूळ’ किंवा ‘मूल’ म्हणायचे आणि मी नुसते ऐकून ‘झाडाचे’ की ‘आईचे’ ते ओळखायचे. पहिल्या दहा वेळांत मला सगळे आईचेच ऐकू आले. तिसऱ्या फेरीत सात वेळा आमचे उत्तर जुळले, तेव्हा ती टाळ्या वाजवत उठली.

संपूर्ण कडवे वेगाने म्हणताना ‘हळदीच्या’मधला ळ अजूनही निसटतो. तो मी तसाच राहू दिला आहे, कारण ‘हलद’ म्हटले तरी ऐकणाऱ्याला हळदच कळते. ‘मूळ’चे तसे नाही, तिथे अर्थच बदलतो. सुदैवाने त्यातला ळ चौथ्या अक्षरावर, थांब्याच्या अगदी तोंडाशी आला आहे, म्हणून जीभ वळवायला तिला क्षणभर उसंत मिळते. लेकीला एवढेच सांगितले आहे की बाकीचा कागद रोमनमध्ये असला तरी चालेल, पण तो एक शब्द देवनागरीत, मोठ्या अक्षरात लिहून दे.

कॉल संपता संपता नातीने विचारले, “आजी, मूळ म्हणजे जमिनीच्या आत असते तेच ना?” मी परसातल्या हळदीचा एक गड्डा मातीसकट उपटून आणला आणि त्याची लोंबणारी मुळे तिला कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली.