अँगलची जड मांडणी: वाकवणं, भोकं आणि तिरके आधार

गाडीच्या शेडमध्ये जुना गिअरबॉक्स, दोन बॅटऱ्या, रंगाचे डबे, जॅक आणि सुट्या भागांच्या पेट्या जमिनीवरच पडून होत्या. बाजारात मिळणारा पातळ पत्र्याचा रॅक या वजनाला पुरत नाही. म्हणून मी लोखंडी अँगलची मांडणी स्वतः करायचं ठरवलं, आणि तीही वेल्डिंगशिवाय, सगळी नट-बोल्टवर. शेड भाड्याची आहे. उद्या जागा सोडायची वेळ आली तर पाना घेऊन सगळं सोडवता आलं पाहिजे, एवढीच त्यामागची गरज होती.

माप ठरवलं ते अँगलच्या लांबीवरून. कोल्हापुरात उद्यमनगरात अँगल साधारण सहा मीटरच्या नगात आणि वजनावर मिळतो. दीड मीटर रुंद, ४५० मिलीमीटर खोल आणि जेमतेम दीड मीटर उंच मांडणी केली की ५० × ५० × ५ च्या एका नगात चारही खांब निघतात. फळ्यांच्या तीन चौकटी ४० × ४० × ५ च्या दोन नगांत बसतात. दुकानातले मामा म्हणाले, "तीस-पस्तीसचा घ्या की ओ, कशाला एवढं जड?" पण मी आकडेमोड करून गेलो होतो. एका फळीवर २०० किलो सारखं पसरून ठेवलं तर पुढच्या आणि मागच्या अँगलवर प्रत्येकी १०० किलो येतात. दीड मीटरच्या अंतरात चाळीसचा अँगल त्याखाली साधारण चार मिलीमीटर झोकतो, आणि लोखंडावरचा ताण त्याच्या सोसण्याच्या हद्दीच्या निम्म्याहून कमी राहतो. वजन पसरलेलं नसून बरोबर मधोमध असेल तर तेच १०० किलो २०० किलोंइतका ताण आणतात. म्हणून गिअरबॉक्सची जागा पहिल्यापासून खांबाजवळच ठरवली.

चौकटीचे चार तुकडे कापून चार कोपरे जोडता येतात. मी मात्र प्रत्येक चौकट दोन काटकोनी तुकड्यांची केली, म्हणजे समोरासमोरचे दोन कोपरे वाकवलेले आणि दोन जोडाचे. कारण अँगलच्या आतल्या बाजूलाच आहे. अँगलचा आतला कोपरा धारदार नसतो, तिथे गोलाई असते. चौकटीचा टोकदार कोपरा त्या गोलाईवर अडकतो आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना टेकतच नाहीत. वाकवलेला कोपरा बाहेरून आपोआप गोल होतो, त्यामुळे तो खांबाच्या कुशीत नीट बसतो. जोडाच्या कोपऱ्यांवर तुकड्यांची टोकं खांबाच्या आतल्या कोपऱ्यापासून आठ मिलीमीटर आखूड ठेवली की तिथलाही अडथळा जातो.

वाकवण्यासाठी अँगलची आडवी बाजू 'व्ही' आकारात कापायची आणि उभी बाजू अखंड ठेवायची. खाच दोन्हीकडे ४५ अंशांत कापली. खाचेच्या टोकाला, उभ्या बाजूला लागून, आधी सहा मिलीमीटरचं भोक पाडलं आणि ग्राइंडरचं चाक त्या भोकापाशी थांबवलं. चाक पुढे जाऊन उभ्या बाजूला ओरखडा पडला तर वाकवताना चीर नेमकी तिथूनच सुरू होते. व्हाइसच्या जबड्याला कड गोल केलेली जाड पट्टी लावली, अँगलचा आखूड हात त्यात आवळला आणि लांब हात धरून ओढला. दीड मीटरची तरफ हाताशी असल्यावर पाच मिलीमीटर लोखंड गरम न करताही वाकतं, फक्त हिसका न देता सावकाश ओढायचं. बाहेरच्या बाजूला वाकाच्या रेषेवर बारीक केसासारख्या चिरा दिसल्या तर वाक फार टोकदार होतोय असं समजावं. तशा तुकड्यावर वजन ठेवू नये.

सर्वांत जास्त वेळ मी दिला तो एका चाचणीच्या तुकड्याला. भंगारातल्या अँगलवर मध्यरेषेपासून दोन्हीकडे शंभर-शंभर मिलीमीटर मोजून रेषा मारल्या, तुकडा काटकोनात वाकवला आणि बाहेरून मापला. दोन्ही हात १०४ भरले. म्हणजे सरळ पट्टीपेक्षा वाकलेल्या तुकड्याचं बाहेरचं माप एका वाकाला आठ मिलीमीटरने वाढतं. खांबांच्या आत बसणाऱ्या चौकटीचं बाहेरचं माप १४९० × ४४० हवं होतं. तेव्हा वाकाची मध्यरेषा लांब हाताच्या टोकापासून १४९० वर नाही, तर १४८६ वर घेतली, आणि आखूड हातातूनही चार मिलीमीटर वजा केले. जोडाच्या टोकांचे आठ-आठ मिलीमीटर यातून वेगळे कापले. हे सोडलं असतं तर चौकट खांबांच्या आत गेलीच नसती. तुमची जबड्याची गोलाई वेगळी असेल तर आकडाही वेगळा येईल, म्हणून तुकडा स्वतः वाकवून बघणंच खरं. खाचेच्या कडा काटकोन होण्याआधीच एकमेकींना भिडल्या तर त्या कानशीने थोड्या घासाव्या लागतात. लोखंड हात सोडल्यावर किंचित मागे येतं, त्यामुळे गुण्या लावून अंशभर जास्त वाकवून सोडायचं.

भोकांच्या बाबतीत जागा जास्त महत्त्वाची. पन्नासच्या अँगलवर भोकाचा मध्य बाहेरच्या कोपऱ्यापासून २८ मिलीमीटरवर घेतात. चौकट आत पाच मिलीमीटर सरकलेली असल्याने तिच्या कोपऱ्यापासून तेच माप २३ होतं. प्रत्येक कोपऱ्यात दोन बोल्ट येतात, एक पुढून आणि एक बाजूने, दोन्ही एकाच उंचीवर. नट आत ठेवले तर एका बोल्टचं बाहेर आलेलं टोक दुसऱ्याच्या नटावर आदळतं. डोकी आत आणि नट बाहेर ठेवले की दोघं एकमेकांना चुकवून जेमतेम बसतात. आत वायसरही घातला नाही, स्प्रिंग वायसर फक्त नटाखाली. बोल्ट दहा मिलीमीटर जाडीचे आणि २५ लांबीचे, भोकं अकराची.

ड्रिलला घाई केली तर बरमा जळतो. सेंटर पंचाने खोल खूण, मग चारचा बरमा, आणि मग अकराचा. अकराच्या बरम्याला मिनिटाला सातशेच्या आसपास फेरे पुरतात, चारच्याला त्याच्या दुपटीपेक्षा जास्त चालतात. बरमा नीट कापत असेल तर लोखंडाची लांब वळणदार सळसळीत पट्टी निघते. भुगा पडू लागला आणि टोक निळं दिसू लागलं की थांबायचं, तेल टाकायचं आणि गरज असली तर धार लावायची. बरमा पलीकडे निघण्याच्या क्षणी दाब कमी करावा, नाहीतर तो अडकून मनगटाला झटका देतो. तुकडा हाताने धरून कधीच भोक पाडू नये. भोकाच्या कडेला उभा राहिलेला काठ मोठ्या बरम्याने हलकेच काढून टाकला, कारण तो राहिला तर दोन अँगलच्या मध्ये फट राहते आणि नट कितीही आवळला तरी पुढे जोड सैल पडतो. सगळ्या तुकड्यांना, विशेषतः एकमेकांवर बसणाऱ्या बाजूंना, जोडण्याआधीच रेड ऑक्साइड मारला. आमच्याकडच्या पावसात गंज पहिल्यांदा त्या फटीतच धरतो.

तिन्ही चौकटी बसवून मांडणी उभी केली तेव्हा सगळे नट पक्के आवळलेले होते, तरी वरच्या टोकाला हाताने रेटलं की ती चार बोटं बाजूला जायची. एका बाजूला एकच बोल्ट असलेला जोड बिजागरीसारखा वागतो. उभ्या वजनाला तो टिकतो, पण आडव्या रेट्याला त्याच्याकडे फक्त घर्षण असतं. अँगल आणखी जाड घेतला तरी यात काही फरक पडत नाही, इथे त्रिकोणच लागतो.

मागच्या बाजूला २५ × ५ च्या पट्टीची फुली घातली. पट्टी फक्त ताण सोसते, दाबली की बाहेर फुगते. त्यामुळे दोन्ही दिशांच्या रेट्यांसाठी दोन पट्ट्या लागतात. बाजूंना खोली ४५० आणि उंची दीड मीटर, तिथे एकच कर्ण टाकला तर तो फारच उभा होतो. कर्ण जितका उभा तितका आडव्या रेट्याला कमी उपयोगी. म्हणून प्रत्येक बाजूचे दोन खण धरून २५ × २५ × ३ अँगलचे तिरके आधार नागमोडी टाकले, खालच्या खणात एका दिशेने आणि वरच्या खणात उलट. अँगल ताणही सोसतो आणि दाबही, त्यामुळे खणाला एकच पुरतो. त्याच्या दोन्ही टोकांना एक बाजू चाळीस मिलीमीटर कापून टाकली, म्हणजे उरलेली बाजू खांबावर सपाट बसते. समोरची बाजू सामान काढ-घाल करायला मोकळी आहे. तिला आधार मिळतो तो फळ्यांमधून: १८ मिलीमीटरचा प्लायवुड खालून स्क्रूने चौकटीला आवळला की चौकट आडव्या पातळीत मोडत नाही आणि पुढचे खांब मागच्यांना बांधलेले राहतात.

आधारांची भोकं आधी पाडून ठेवली नाहीत. जमीन समपातळीत नव्हती, म्हणून आधी खांबांखाली पत्र्याचे तुकडे सरकवून मांडणी उभी-आडवी सरळ केली. मग मागच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण फितीने मापले आणि दोघांतला फरक दोन मिलीमीटरच्या आत येईपर्यंत वरचं टोक सरकवत राहिलो. त्यानंतर पट्टी क्लॅम्पने धरून खांब आणि पट्टी दोन्हींतून एकदमच दहाच्या बरम्याने भोक पाडलं. चौकटींना चालणारं अकराचं भोक इथे चालत नाही. दोन्ही टोकांना एकेक मिलीमीटर मोकळीक राहिली तर पट्टी ताणली जाईपर्यंत मांडणीचं वरचं टोक जवळपास तीन मिलीमीटर हलू शकतं. दहाच्या भोकात बोल्ट हातोडीने हलकेच ठोकून बसवावा लागतो, आणि तेच हवं असतं. पट्ट्या जिथे एकमेकींना ओलांडतात तिथेही एक बोल्ट घातला, त्याने त्यांची खडखड थांबते. पुन्हा रेटून पाहिलं तेव्हा मांडणी हलण्याऐवजी पायाखालचे पत्र्याचे तुकडे करकरले.

मग मधल्या फळीच्या कडेने दोरा ताणून बांधला आणि सिमेंटची ५० किलोची चार पोती सारखी पसरून रात्रभर ठेवली. सकाळी मधल्या ठिकाणी दोरा आणि अँगल यांच्यात साडेतीन मिलीमीटरची फट होती, आणि पोती उतरवल्यावर ती पुन्हा मिटली. मिटली नसती तर अँगल कायमचा वाकला असं ठरलं असतं आणि वजनाची हद्द खाली आणावी लागली असती.

उंची खोलीच्या तिपटीहून जास्त असल्याने मांडणी पुढे कलंडू शकते, विशेषतः वरच्या फळीवरून जड वस्तू ओढताना. म्हणून मागच्या दोन्ही खांबांची वरची टोकं अँकर बोल्टने भिंतीत धरली, विटेत भरीव जागा बघून, सांध्यात नाही. जड सामान खालच्या फळीवर गेलं. नट आवळल्यावर प्रत्येकावर आणि शेजारच्या अँगलवर मिळून रंगाची एक रेघ ओढली आहे. काही आठवडे वजन वागवल्यावर ज्या नटाची रेघ तुटलेली दिसली तेवढेच पुन्हा आवळले. ते सगळे मागच्या फुलीचे होते.