आमची वाटचाल : यंत्रांचा प्रकल्प आणि घसाऱ्याचा तक्ता

जुन्या लेथवर जॉबवर्क करत आम्ही सुरुवात केली. तेव्हा भांडवली खर्च म्हणजे एक बिल आणि घसारा म्हणजे वर्षाअखेरीला हिशेबनिसाने टाकलेली एक नोंद, एवढंच होतं. सीएनसी मशीनिंगचा स्वतंत्र प्रकल्प उभा करायचं ठरलं आणि पाच वर्षांचं आर्थिक अंदाजपत्रक करायला बसलो, तेव्हा हेच दोन तक्ते सगळ्यांत जास्त वेळ खाणार हे लक्षात आलं. यंत्रप्रधान प्रकल्पात नफा, कर, कर्जफेड आणि ताळेबंद हे चारही इथूनच निघतात. आमचे हिशेब ताई बघतात, त्या नात्याने माझ्या मोठ्या बहीण आणि धंद्यात भागीदार. पुढची पद्धत आम्ही दोघांनी मिळून बसवली. आकडे समजायला सोपे व्हावेत म्हणून गोल केले आहेत आणि सगळे लाखांत आहेत.

पहिलं काम मशीनची खरी किंमत ठरवण्याचं. कोटेशनवरचा आकडा ही ती किंमत नव्हे. आमच्या मशीनचं बिल 200 चं. वाहतूक आणि विमा 7, पाया 12, उभारणी आणि चाचणी 12.6. ज्या कराचं क्रेडिट परत मिळतं तो यात धरायचा नाही, कारण तो खर्च नसून येणं आहे. कामगारांचं प्रशिक्षणही धरायचं नाही. आंतरराष्ट्रीय लेखामानक 16 नुसार ते यंत्राच्या किमतीत बसत नाही, त्या वर्षीच्या खर्चात जातं. पुष्कळ प्रकल्प अहवालांत मी हे प्रशिक्षण मशीनच्या किमतीत टाकलेलं पाहिलं आहे. त्यामुळे पहिल्या वर्षाचा नफा उगाच फुगतो.

आता उभारणीच्या काळातलं व्याज. बिलाच्या पूर्ण 200 साठी कर्ज, दर वर्षाला 12 टक्के, म्हणजे महिन्याला 1 टक्का, आणि व्याज दरमहा भरायचं. ऑर्डरसोबत 30 टक्के म्हणजे 60 दिले. मशीन कारखान्यातून निघताना, सहाव्या महिन्याच्या सुरुवातीला, 60 टक्के म्हणजे 120 दिले. उरलेले 20 चाचणी पास झाल्यावर, आठव्या महिन्याअखेरीस. मशीन नवव्या महिन्यापासून वापराला तयार. तर 60 वर आठ महिन्यांचं व्याज 4.8, 120 वर तीन महिन्यांचं 3.6, एकूण 8.4. हे व्याज मशीनच्या किमतीत मिळवलं की 200, 7, 12, 12.6 आणि 8.4 मिळून बरोबर 240 होतात. मशीन तयार झाल्यापासूनचं व्याज मात्र सरळ नफा-तोटा पत्रकात जातं, ते किमतीत मिळवता येत नाही.

म्हणून भांडवली खर्चाचा तक्ता आम्ही वार्षिक न करता महिन्यांचा केला. उभ्या बाजूला प्रत्येक मालमत्ता, आडव्या बाजूला महिने, आणि प्रत्येक चौकोनात त्या महिन्यात प्रत्यक्ष गेलेली रक्कम. मशीन तयार होईपर्यंत ही सगळी रक्कम ताळेबंदात ‘प्रगतिपथावरील भांडवली काम’ या वेगळ्या ओळीत साठत राहते आणि तिच्यावर घसारा लागत नाही. मशीन तयार झालं की त्या महिन्यात रक्कम तिथून उचलून यंत्रसामग्रीच्या ओळीत टाकायची. पैसा कधी गेला आणि घसारा कधी सुरू झाला या दोन वेगळ्या तारखा आहेत. एकाच रकान्यात त्या कोंबल्या तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

दुसरं काम आयुष्य ठरवण्याचं. आम्ही तीन गट केले. शेड 60, आयुष्य 30 वर्षं, म्हणून वर्षाला 2. मशीन 240, आयुष्य 10 वर्षं, शेवटी भंगारात 24 येतील असं धरलं, म्हणजे 216 भागिले 10, वर्षाला 21.6. फिक्स्चर आणि डाय 30, आयुष्य 3 वर्षं, शेवटी काहीच येणार नाही, म्हणून वर्षाला 10. पूर्ण वर्षाचा घसारा 33.6. तिन्ही गट एकदमच वापरात आले, म्हणून पहिल्या वर्षात फक्त चार महिने धरायचे : 33.6 चे 4/12, म्हणजे 11.2.

फिक्स्चर मशीनमध्ये मिसळू नयेत यावर ताई अडून बसल्या आणि ते योग्यच होतं. मिसळले असते तर 30 ची रक्कम दहा वर्षांवर पसरली असती, आणि तीन वर्षांनी ती हत्यारं झिजून नवी घ्यायची वेळ आली तेव्हा जुनी पुस्तकात अर्ध्याहून जास्त किमतीने उभीच राहिली असती.

प्रत्येक वर्षात मालमत्ता किती महिने वापरात आहे हे हाताने टाकत बसू नये. शीटमध्ये C रकान्यात वापर सुरू झाल्याचा महिना (प्रकल्पाच्या पहिल्या महिन्यापासून मोजलेला), D मध्ये आयुष्याचे महिने आणि तिसऱ्या ओळीत वर्षाचा क्रमांक ठेवला की हे सूत्र पुरतं :

```
=MAX(0,MIN(12*F$3,$C5+$D5-1)-MAX(12*(F$3-1)+1,$C5)+1)
```

फिक्स्चरसाठी सुरुवात 9 आणि आयुष्य 36 टाकलं की पहिल्या वर्षी 4, मग 12, 12, चौथ्या वर्षी 8 आणि पाचव्या वर्षी 0 येतात. दरमहा घसाऱ्याला या महिन्यांनी गुणलं की झालं. आयुष्य संपलं की घसारा आपोआप थांबतो, मालमत्तेची किंमत कधी शून्याखाली जात नाही.

तो पाचव्या वर्षाचा शून्य हाच या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे, असं माझं ठाम मत आहे. नुसतं सूत्र चालवलं तर चौथ्या वर्षी घसारा 30.27 येतो आणि पाचव्या वर्षी 23.6. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या 33.6 च्या तुलनेत पाचव्या वर्षाचा नफा बसल्या बसल्या 10 ने वाढतो. आलेख छान चढता दिसतो. पण त्या वर्षी आपण उत्पादन कशावर करणार आहोत? फिक्स्चर तर झिजून गेले. ताईंनी छापलेल्या तक्त्यावर पाचव्या वर्षाच्या त्या शून्याला पेनाने गोल केला आणि त्याच्या वर, भांडवली खर्चाच्या ओळीतल्या रिकाम्या चौकोनाकडे बाण काढला. “दादा, उत्पादन वाढतंय आणि घसारा उतरतोय, तर इथे काहीतरी घ्यायचं राहिलंय,” एवढंच त्या म्हणाल्या. वयाने मोठ्या असूनही धंद्याचं बोलताना त्या मला दादाच म्हणतात. तेव्हापासून कुणाचाही प्रकल्प अहवाल हातात आला की मी आधी हीच जोडी बघतो.

बदलीचा खर्च धरला की चित्र असं होतं. चौथ्या वर्षाच्या नवव्या महिन्यात नवे फिक्स्चर, भाववाढ धरून 36. वर्षाला 12, त्या वर्षीचे चार महिने म्हणजे 4. चौथ्या वर्षाचा घसारा 34.27, पाचव्याचा 35.6. रोख प्रवाहात चौथ्या वर्षी 36 बाहेर जातात, आणि त्या वर्षी कर्जाचा हप्ताही चालूच असतो. खरा ताण घसाऱ्याच्या ओळीत दिसतच नाही, या रोखीच्या ओळीत दिसतो. घसाऱ्यात पैसा बाहेर जात नाही म्हणून रोख प्रवाहात तो नफ्यात परत मिळवतात, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मिळवलेल्या त्या पैशातूनच बदली करायची असते, आणि ती ओळ कोरी ठेवली तर सगळा घसारा मालकाच्या हातात मोकळा राहतो असं भासतं.

ताळेबंदाशी मेळ घालणं सोपं आहे. पहिल्या वर्षाअखेर निव्वळ मालमत्ता 330 वजा 11.2, म्हणजे 318.8. पुढे 285.2, मग 251.6. चौथ्या वर्षी 36 मिळवून 34.27 वजा, 253.33. पाचव्या वर्षी 217.73. आता हाच आकडा गटवार काढून पाहायचा : शेड 51.33, मशीन 146.4, नवे फिक्स्चर 20. बेरीज 217.73 आली की तक्ता जुळला. जुने फिक्स्चर पुस्तकातून काढताना मूळ किमतीतून 30 आणि साचलेल्या घसाऱ्यातूनही 30 काढायचे. एकाच बाजूने काढले की फरक पुढे प्रत्येक वर्षी ओढला जातो, आणि तो बरोबर 30 चाच असतो, त्यावरून लगेच ओळखू येतो.

करासाठीचा घसारा स्वतंत्र तक्त्यात ठेवावा. दर आणि पहिल्या अपुऱ्या वर्षाचे नियम प्रत्येक देशाच्या कायद्याप्रमाणे वेगळे असतात, पण आकार सहसा असा : समजा घटत्या शिलकीवर 20 टक्के. पूर्ण वर्षं धरली तर मशीनच्या 240 वर 48, मग 38.4, 30.72, 24.58 आणि पाचव्या वर्षी 19.66. पुस्तकातला घसारा मात्र दर वर्षी 21.6. पहिली चार वर्षं कर कमी भरावा लागतो, पाचव्या वर्षापासून उलटं होतं. पुस्तकी घसाऱ्यावरच कर मोजला तर सुरुवातीला रोख कमी दिसते आणि नंतर जास्त. कर्ज फेडायच्या वर्षांत हा फरक चांगलाच जाणवतो.

मशीन उशिरा आलं तर काय, हे आम्ही शेवटी तपासलं. चाचणी दोन महिने लांबली असं धरू. 180 वर आणखी दोन महिन्यांचं व्याज 3.6, किंमत 243.6. मशीनचा वार्षिक घसारा 21.96 आणि एकूण 33.96. पण पहिल्या वर्षात वापराचे दोनच महिने उरतात, म्हणून घसारा फक्त 5.66. नफा-तोटा पत्रकाकडे पाहून उशिराने फायदाच झाला असं वाटेल. (काम बराच काळ पूर्ण बंदच पडलं असेल, तर त्या काळातलं व्याज किमतीत मिळवताही येत नाही.) कर्जाची मुद्दल फेडायला सवलत होती बारा महिन्यांची, आणि ती पहिल्या उचलीपासून मोजली जाणार होती. वेळेवर मशीन आलं असतं तर पहिल्या हप्त्याआधी उत्पादनाचे चार महिने मिळाले असते, उशीर झाला तर दोनच. हा महिन्यांचा तक्ता समोर ठेवूनच आम्ही कर्ज देणाऱ्यांशी बोललो आणि सवलतीचा काळ व्यावसायिक उत्पादन सुरू झाल्यापासून, पण ठरावीक कमाल मर्यादेत मोजावा, अशी अट मंजुरीपत्रात घालून घेतली.