गांजा ओढून गाडी चालवणाऱ्याला पकडायचं कसं? कॅनडातला पेच

कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे. तिकडून फोन आला की कुणीतरी हमखास विचारतं, "मग लोक तारेत गाड्या चालवतात की काय? पोलीस काही करत नाहीत?" करतात. पण समोरच्याला नशा आहे हे सिद्ध करायची वेळ आली की सगळं अडतं.

गांज्यातलं नशा आणणारं द्रव्य म्हणजे टीएचसी. मेंदूत ज्या ठिकाणी ते जाऊन चिकटतं, ती ठिकाणं लक्ष, स्मरण, वेळेचा अंदाज आणि हालचालींचा ताळमेळ सांभाळणारी असतात. गाडी चालवताना नेमकं हेच सगळं एकदम लागतं. दारू प्यायलेला माणूस बऱ्याचदा बेफाम हाकतो, तर गांजा ओढलेला पुष्कळदा उलट हळू चालवतो आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवतो. आपल्याला चढली आहे हे त्याला कळत असतं. पण लेनमध्ये गाडी सरळ ठेवणं हे सतत होणाऱ्या बारीक दुरुस्त्यांचं काम आहे, ते ठरवून जमत नाही. गाडी डावीउजवीकडे डुलत राहते. त्यात अचानक काही आडवं आलं की प्रतिक्रिया उशिरा येते.

हे किती वेळ टिकतं? कॅलिफोर्नियात नियमित ओढणाऱ्या 191 जणांना सिम्युलेटरवर बसवून केलेला अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. ओढल्यावर अर्ध्या तासाने आणि दीड तासाने चालवणं स्पष्टपणे बिघडलेलं होतं, साडेतीन तासांनी ते सावरायला लागलं आणि साडेचार तासांनी फरक उरला नाही. मला यातलं सर्वात धोक्याचं वाटतं ते दीड तासाचं टोक. तोपर्यंत बऱ्याच जणांना "आता मी ठीक आहे" असं वाटू लागलं होतं, चालवणं मात्र अर्ध्या तासाच्या वेळेपेक्षा सुधारलेलं नव्हतं. खाण्यातून घेतलं तर गणित आणखी लांबतं. अंमल चढायलाच तास-दोन तास लागू शकतात आणि तो बराच उशिरापर्यंत राहतो.

आता कॅनडातला कायदा. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये टीएचसी 2 नॅनोग्रॅम किंवा जास्त पण 5 पेक्षा कमी असेल तर 1000 डॉलरपर्यंत दंड. 5 किंवा त्याहून जास्त असेल तर शिक्षा जास्त कडक. हे प्रमाण गाडी चालवल्यापासून दोन तासांच्या आतलं धरतात. आकडे दारूच्या मर्यादेसारखे नेटके दिसतात. गोची अशी की दारू पाण्यात विरघळते आणि शरीरभर जवळपास सारखी पसरते, त्यामुळे श्वासातल्या प्रमाणावरून रक्तातलं, आणि त्यावरून नशेचा अंदाज बांधता येतो. टीएचसी चरबीत मुरतं. ओढल्यावर काही मिनिटांत रक्तातलं प्रमाण शिखर गाठतं आणि तासाभरात धाडकन खाली येतं, कारण ते रक्त सोडून मेंदूत आणि चरबीत शिरलेलं असतं. म्हणजे आकडा उतरतो तेव्हा नशा अजून चढलेलीच असते.

समजा रात्री नऊला दोन गाड्या अडवल्या. पहिला चालक रोज ओढणारा, पण शेवटचं ओढलं ते आदल्या रात्री. त्याच्या चरबीतून टीएचसी हळूहळू झिरपत राहतं, त्यामुळे डोकं साफ असूनही रक्तात 2 च्या वर सापडू शकतं. अशा लोकांच्या रक्तात सोडल्यानंतर कित्येक दिवस टीएचसी सापडलेलं आहे. दुसरा क्वचित घेणारा. त्याने साडेसातला दहा मिलिग्रॅमची गोळी खाल्ली आणि आता त्याला चांगलीच चढते आहे. पण पोटातून गेलेलं टीएचसी रक्तात फार वर जात नाही, तेव्हा त्याचा आकडा 5 च्या खाली राहण्याचीच शक्यता जास्त. धोकादायक कोण आणि अडकणार कोण, बघा!

रस्त्यावर पोलीस लाळ तपासतात. तोंडात एक पट्टी फिरवायची, ती पुरेशी ओली झाली की यंत्रात घालायची आणि काही मिनिटं थांबायचं. गांज्याने तोंड कोरडं पडतं, त्यामुळे पट्टी भिजायलाच वेळ लागतो, हा भाग वेगळाच. लाळेत सापडतं ते मुख्यतः धूर तोंडातून जाताना मागे राहिलेलं टीएचसी. नुकतं घेतलंय का, याचा तो सुगावा. किती चढलीय हे त्यावरून कळत नाही. रक्त घ्यायचं तर प्रशिक्षित माणूस लागतो, आणि तिथे पोचेपर्यंत आकडा घसरलेला असतो.

मग उरते पोलिसांची नजर: सरळ रेषेत चाला, एका पायावर उभे राहा, डोळ्यांनी पेन टिपा. त्याच कॅलिफोर्नियाच्या प्रयोगातल्या सहभागींवर प्रशिक्षित पोलिसांनी हेही करून पाहिलं. टीएचसी घेतलेल्यांपैकी 81 टक्के नापास झाले, पण ज्यांच्या सिगारेटमध्ये टीएचसी नव्हतंच त्यांच्यातलेही 49 टक्के झाले. आणि नापास झालेल्या जवळजवळ प्रत्येकाने टीएचसी घेतलंय, असंच पोलिसांना वाटलं होतं.