ln x चा विस्तार आणि घडीत गेलेली उभी रेघ

मैत्रिणीने पाठवलेल्या छायाचित्रात पुस्तकाच्या मधल्या घडीची सावली पडली होती आणि उदाहरणाच्या ओळी नेमक्या त्या घडीपासून सुरू होत होत्या. मी वाचले ते असे: f(x) = ln x या फलनाचा x = 2 या बिंदूभोवती तिसऱ्या घातापर्यंत विस्तार करा आणि x − 2 ≤ 0.5 असताना राहणाऱ्या त्रुटीचा अंदाज द्या.

विस्ताराचा भाग सरळ होता. पहिले तीन विकलज 1/x, −1/x² आणि 2/x³ असे येतात; त्यांत x = 2 घालून अनुक्रमे 1!, 2! आणि 3! ने भागले की सहगुणक मिळतात:

T₃(x) = ln 2 + (x−2)/2 − (x−2)²/8 + (x−2)³/24

त्रुटीसाठी मी लाग्रांजचे शेषपद घेतले. चौथा विकलज −6/x⁴ आहे, म्हणून

|R₃(x)| = |x−2|⁴ / (4c⁴)

येथे c ही 2 आणि x यांच्या मधली कुठली तरी संख्या असते. ती नेमकी कोणती हे कळत नाही, म्हणून अपूर्णांक ज्या ठिकाणी सर्वांत मोठा होईल ती किंमत घ्यावी लागते. मी x ला 2 ते 2.5 या पट्ट्यात धरले होते. c छेदात असल्यामुळे त्या पट्ट्यातली सर्वांत लहान किंमत, म्हणजे 2, घेतली आणि मर्यादा 0.0625/64, म्हणजे सुमारे ०.०००९८ आली. पडताळा म्हणून श्रेणीचे पुढचे पद काढले, तर तेही (x−2)⁴/64, म्हणजे तीच संख्या. दोन वाटांनी एकच उत्तर आल्यावर मी निर्धास्त झाले.

मैत्रिणीचा निरोप आला की पुस्तकाच्या शेवटी ०.००३१ असे उत्तर दिले आहे. प्रथम मला छपाईची चूक वाटली, पण दोन उत्तरांचे गुणोत्तर काढल्यावर ते सुमारे ३.१६ आले आणि ते (2/1.5)⁴ इतकेच आहे. याचा अर्थ पुस्तकाने c = 1.5 घेतले होते आणि ती संख्या माझ्या पट्ट्यात मुळी नव्हतीच. मग मी छायाचित्र मोठे करून पाहिले. 2 च्या मागे एक बारीक उभी रेघ होती, जिला मी शाईचा डाग समजले होते. तिची डावीकडची जोडीदार रेघ घडीच्या सावलीत गेली होती. मूळ अट |x − 2| ≤ 0.5 अशी होती, म्हणजे x ला 1.5 ते 2.5 अशा दोन्ही बाजूंना फिरायचे होते. खरे तर मी वाचलेल्या अटीतच खूण होती: x − 2 ≤ 0.5 एवढेच म्हटले तर x = 0 सुद्धा चालतो आणि तेथे ln x ची व्याख्याच होत नाही. ही गोष्ट मला पहिल्याच वाचनात खटकायला हवी होती.

आता माझी पहिली मर्यादा डाव्या बाजूला खरोखर मोडते का, हे आकड्यांनी पाहावे असे वाटले. x = 1.5 घातल्यावर T₃ ची किंमत ०.४०६६८९ येते आणि ln 1.5 = 0.405465 आहे, म्हणजे प्रत्यक्ष त्रुटी सुमारे ०.००१२२. ती ०.०००९८ पेक्षा जास्त आहे, तेव्हा ती मर्यादा तेथे सरळ खोटी ठरते. x = 2.5 ला मात्र त्रुटी ०.०००८१ च्या आसपास राहते आणि मर्यादेत बसते.

या फरकाचे कारण चिन्हांत आहे आणि मला या उदाहरणातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. उजवीकडे x − 2 धन असतो, पदांची चिन्हे आलटून पालटून येतात आणि पदे लहान होत जातात, म्हणून गाळलेल्या पहिल्या पदापेक्षा त्रुटी मोठी होऊ शकत नाही. डावीकडे x − 2 ऋण झाला की ln 2 नंतरची सगळी पदे ऋणच होतात, एकमेकांना कापत नाहीत, आणि गाळलेल्या सगळ्या पदांची बेरीज पहिल्या गाळलेल्या पदाच्या पुढे जाते.

शेषपदात c = 1.5 घातले की 0.0625/20.25, म्हणजे ०.००३१ ही पुस्तकातली मर्यादा मिळते. ती बरोबर असली तरी सैल आहे. x = 1.5 ला प्रत्येक पुढचे पद आधीच्या पदाच्या पाव भागाहूनही लहान असते, म्हणून गाळलेली सगळी पदे 1/4 गुणोत्तराच्या भूमितीश्रेणीखाली झाकता येतात. तेव्हा मर्यादा ०.०००९७७/०.७५, म्हणजे सुमारे ०.००१३ होते आणि प्रत्यक्षातल्या ०.००१२२ ला ती अगदी लागून आहे. 1.5 ते 2 मधल्या इतर x साठी त्रुटी याहून कमीच असते, त्यामुळे ही मर्यादा पूर्ण अंतरालाला लागू पडते. मैत्रिणीला मी दोन्ही मर्यादा कळवल्या आणि तिच्या वहीत अट लिहिताना केवल मूल्याच्या दोन्ही रेघा ठळक काढायला सांगितले.