सर, त्या रात्रीची पिवळी नळी आठवते का?

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या क्वालिटी कंट्रोल मॅनेजरांना मी दोन मेसेज पाठवले. दोन्हींत मागणी एकच होती, शिफारसपत्राची. पहिल्याला चाळीस मिनिटांत उत्तर आलं आणि ते काही कामाचं नव्हतं. दुसऱ्याला चार दिवस लागले. त्यातून आलेलं पत्र मी तसंच पुढे पाठवलं, पण त्यातल्या एका वाक्यावर माझं मन अजून अडून बसलंय.

मी डेअरी केमिस्ट. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध प्रक्रिया केंद्रात जून 2016 ते मार्च 2020 अशी पावणेचार वर्षं लॅबमध्ये होते. आता दुसरीकडे क्वालिटी ऑफिसरच्या जागेसाठी अर्ज केलाय. त्यांनी आधीच्या वरिष्ठांचं पत्र मागितलं आणि सोबत स्पष्ट लिहिलं, 'उमेदवाराने दोष स्वतः शोधून काढल्याचं एखादं उदाहरण पत्रात असावं.'

हे नीट न वाचताच मी सरांना लिहिलं, 'नमस्कार सर, कसे आहात? एका ठिकाणी अर्ज केला आहे, शिफारसपत्र मिळेल का?' सर निवृत्त होऊन गावी शेती बघतात. सज्जन माणूस. लगेच पत्र टाइप करून पाठवलं. मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, वक्तशीर आहे, सर्वांशी मिळूनमिसळून वागते, पुढील वाटचालीस शुभेच्छा. माझं नाव खोडून लॅबमधल्या कुठल्याही मुलीचं घातलं असतं तरी चाललं असतं. दोष सरांचा नव्हता. त्यांच्या हाताखालून तीस वर्षांत किती केमिस्ट गेले असतील! त्यांतली मी कोण आणि मी काय केलं, हे त्यांना आठवावं असं माझ्या मेसेजात काहीच नव्हतं.

एक सोपी वाट होती. पत्र आपणच लिहायचं आणि 'सर, फक्त सही करा' म्हणून पाठवायचं. आमच्या धंद्यात सर्रास असंच चालतं. वाचणाऱ्यालाही ते कळतं, कारण चार उमेदवारांच्या चार साहेबांची भाषा एकसारखी असते. मला ते नको होतं. सरांनी जे पाहिलं तेच त्यांनी लिहावं, मी फक्त आठवण जागी करावी, असं ठरवून मी बसले. तेव्हा 2018 च्या पावसाळ्यातली ती रात्र समोर आली.

ती रात्र समजायला एक गोष्ट माहीत हवी. दूध पाश्चराइज झालं की नाही हे आम्ही फॉस्फटेज टेस्टनं बघतो. कच्च्या दुधात फॉस्फटेज नावाचं एन्झाइम असतं. दूध किमान 72 अंशांना 15 सेकंद तापलं की ते नष्ट होतं, आणि दुधातले रोगजंतू त्याच्या थोडं आधीच मरतात. म्हणून एन्झाइम शिल्लक नसेल तर जंतूही नाहीत असं धरता येतं. नळीत 5 मिली द्रावण, त्यात 1 मिली दूध, वॉटर बाथमध्ये 37 अंशांना दोन तास. शेजारी त्याच दुधाचा उकळलेला नमुना तुलनेला. एन्झाइम उरलं असेल तर नळी पिवळी पडते. टेस्ट इतकी हळवी आहे की हजार लिटर पाश्चराइज दुधात दोन लिटर कच्चं मिसळलं तरी रंग दिसतो. पण दोन तास लागतात, आणि तोवर पाश्चराइजर चालूच असतो, पॅकिंग चालू असतं, डॉकवर गाड्या लागलेल्या असतात.

मी नाइट शिफ्टला होते. अकराला घेतलेला नमुना एकच्या सुमारास पिवळा आला. मी प्रॉडक्शनकडे गेले. ऑपरेटरनं चार्टवर बोट ठेवलं. तापमानाची रेघ 78 वर सरळ, कुठे लचकलेली नाही. 'मॅडम, चार्ट बघा ना.' चार्टवरची ही श्रद्धा मी प्रत्येक डेअरीत पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी मला तिचा राग येतो. तापलेलं दूध ठरलेले सेकंद ज्या नळीतून वाहतं, त्या होल्डिंग ट्यूबच्या टोकाला चार्टचा थर्मामीटर असतो. दूध तिथवर तापलं एवढंच तो सांगतो. पुढे त्या दुधाचं काय होतं हे त्याला कळत नाही.

पुढे ते गरम दूध रिजनरेशनमध्ये जातं. तिथे पातळ स्टीलच्या प्लेटी असतात. एका बाजूनं गरम, पाश्चराइज झालेलं दूध परततं, दुसऱ्या बाजूनं थंड, कच्चं दूध येतं, आणि जाणारं दूध येणाऱ्याला आपली उष्णता देतं. दोघांच्या मध्ये जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा. त्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं, तर दूध कुठून कुठे जाईल हे दाबावर ठरतं. म्हणून पाश्चराइज बाजूचा दाब नेहमी कच्च्या बाजूपेक्षा जास्त ठेवायचा असतो. मग भोक असलं तरी चांगलं दूध कच्च्यात जातं, कच्चं चांगल्यात येत नाही.

मी चार ठिकाणांहून नमुने घेतले: होल्डिंग ट्यूबचा शेवट, रिजनरेशनमधून बाहेर पडताना, पाश्चराइज टँक आणि भरलेली पिशवी. पुन्हा दोन तास. साडेतीनच्या आधी पाच मिनिटं रॅक बाहेर काढला. पहिली नळी स्वच्छ, पुढच्या तिन्ही पिवळ्या. म्हणजे दूध तापलं होतं, आणि तापल्यानंतर त्यात कच्चं मिसळत होतं. प्लेटच गळत होती. तोवर पंचवीसेक हजार लिटर दूध झालं होतं. चारला पहिली गाडी सुटायची होती.

मी सरांना घरी फोन लावला. गाड्या थांबल्या, पिशव्या फोडल्या, सगळं दूध दुसऱ्या लाइनवर पुन्हा पाश्चराइज झालं. दिवसा प्लेटी उघडून रंग लावून तपासल्या. एका प्लेटीच्या मागच्या बाजूला रंगाचा एक ठिपका उमटला. काही महिन्यांपूर्वी कच्च्या बाजूला बूस्टर पंप बसवला होता, त्यानं तिकडचा दाब वाढला होता. पाश्चराइज बाजूच्या दाबमापकाची काच इतकी धुरकट झाली होती की तो कुणी वाचतच नव्हतं. दर तासाला दोन्ही दाब लिहायचा रकाना त्यानंतर लॉगशीटमध्ये आला. तो मी सुचवला होता.

हे सगळं आठवल्यावर दुसरा मेसेज लिहिला. जुन्या कंपनीची कागदपत्रं माझ्याकडे नाहीत आणि असायलाही नकोत, म्हणून लिहिलं ते आठवणीतलंच.

'सर, पहिल्या पत्राबद्दल आभार. माझी मागणीच अपुरी होती, म्हणून पुन्हा त्रास देते. मी जून 2016 ते मार्च 2020 तुमच्या हाताखाली केमिस्ट होते, शेवटची दोन वर्षं नाइट शिफ्टला. 2018 च्या पावसाळ्यात चार्ट 78 दाखवत असताना फॉस्फटेज पिवळं आलं होतं. होल्डिंग ट्यूबचा नमुना स्वच्छ, पुढचे तीन पिवळे. मी पहाटे साडेतीनला तुम्हाला फोन केला होता. दिवसा प्लेटीत भोक सापडलं. त्या रात्री मी डिस्पॅच थांबवला आणि नंतर दाबाच्या नोंदीचा रकाना सुचवला. ज्या जागेसाठी अर्ज आहे तिथे दोष शोधण्याचं उदाहरण मागितलंय, जाहिरात सोबत जोडते. या रात्रीबद्दल तुम्ही स्वतः जे पाहिलं ते चार-पाच ओळींत लिहाल का? 20 तारखेपर्यंत द्यायचं आहे. वेगळं आठवत असेल तर तसंच लिहा. आठवत नसेल किंवा जमत नसेल तर मोकळेपणानं सांगा, मी दुसरी सोय करेन.'

चौथ्या दिवशी फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

'अगं, तो बूस्टर पंप मीच मंजूर केला होता. विसरेन कसा?'

मग म्हणाले, 'पण डिस्पॅच तू नाही थांबवलास. तुला तो अधिकार नव्हता. थांबवा म्हणून मी सांगितलं, सही माझी आहे.'

मी म्हटलं, 'सर, तुम्हाला फोन करायच्या आधी मी डॉकवर जाऊन गाडी सोडू नका म्हणून सांगून आले होते.'

'असेल. मी ते पाहिलं नाही. मी पाहिलं नाही ते मी लिहिणार नाही.'

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्यांचं बरोबरच होतं, स्वतः पाहिलं तेच लिहा असं मीच मागितलं होतं. पुढे त्यांनी जे विचारलं त्यानं मी गप्पच झाले.

'पिपेटचं का नाही लिहिलंस?'

अकराच्या नमुन्याची पिपेट मी कच्च्या दुधाच्या रॅकमधून उचलली होती. घाईत. हजारात दोन भाग कच्चं दूध दाखवणाऱ्या टेस्टला तेवढी चूकही नळी पिवळी करायला पुरते. दुसऱ्या फेरीला बसताना ते माझ्या ध्यानात आलं. चारही नमुन्यांना नव्या पिपेटी वापरल्या आणि साडेतीनच्या फोनवर पहिल्यांदा तेच सांगितलं: पहिला नमुना धरू नका, त्यात माझी चूक असू शकते, पण हे चार पक्के आहेत. मेसेज लिहिताना ते मी गाळलं. विसरले नव्हते. शिफारस मागताना आपलीच चूक कशी सांगायची, असं वाटलं.

सर म्हणाले, 'तू ते आधी सांगितलंस म्हणून मी पहाटे पंचवीस हजार लिटर अडवलं. नाहीतर पुन्हा टेस्ट कर म्हणालो असतो, आणि गाड्या गेल्या असत्या.'

पत्रात त्यांनी ते लिहिलं. दाबाच्या रकान्याचंही लिहिलं, आपण निवृत्त होईपर्यंत तो शीटवर होता आणि रोज त्यावर सही करत होतो असं. डिस्पॅचबद्दल लिहिलं, 'तिच्या माहितीवरून मी वितरण थांबवले.' हेच ते वाक्य.

डॉकवर तेव्हा असलेल्या सुपरवायझरला मी परवा फोन करून विचारलं. त्याला एवढंच आठवतं की त्या दिवशी दूध शहरात दहाला पोहोचलं आणि एजंटांच्या शिव्या त्यानं खाल्ल्या. गाडी थांबवा असं आधी कुणी सांगितलं, हे त्याला सांगता येईना. मी डॉकवर गेले होते, पाऊस होता, पहिल्या गाडीचं इंजिन चालू होतं, हे मला आज दिसतंय तसं दिसतं. पण ते मी फोनच्या आधी पाहिलं की नंतर, हे आता मलाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

अर्जात मी 'वितरण थांबवले' असं लिहिलं होतं. ते खोडून 'वितरण थांबवण्याची सूचना केली' असं केलं, आणि सरांचं पत्र सोबत जोडून 19 तारखेला पाठवून दिलं.